छापाच्या कापडाचं पहिलं पाणी

ठशाच्या छपाईचं सुती कापड घरी आलं की बहुतेक घरांत एकच विधी होतो. बादलीभर पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, कुणी त्यात तुरटीचा खडा किंवा चमचाभर व्हिनेगरही घालतं, आणि कापड रात्रभर बुडवून ठेवायचं. यानं रंग पक्का बसतो, असं आईपासून दुकानदारापर्यंत सगळे सांगतात. सकाळी पाणी निळं-लालसर झालेलं असतं. कधीकधी नक्षीतल्या पांढऱ्या रेघांवर गुलाबी झाक चढलेली दिसते, आणि मग कापडालाच कच्चं ठरवलं जातं. पुष्कळदा कापड चांगलं असतं, त्या रात्रीनं ते बिघडवलेलं असतं.

रंग बादलीत पक्का होत नाही. तो पक्का व्हायचा तेवढा छापणाऱ्याच्या अंगणात झालेला असतो. पहिल्या धुण्याचं काम वेगळंच आहे. धाग्याला न चिकटता नुसताच वर राहिलेला रंग, डिंक आणि खळ कापडातून बाहेर काढायची, आणि बाहेर पडलेला रंग पुन्हा त्याच कापडावर बसू द्यायचा नाही. हे एकदा लक्षात आलं की कुठलं कापड कसं धुवायचं हे बरंचसं आपलं आपल्यालाच सुचत जातं. त्यासाठी आधी रंग कापडावर कसा आला ते पाहायला हवं. मी इथे कच्छच्या अजरखचं उदाहरण घेते, कारण त्या एका कापडात निळा, लाल आणि काळा असे तिन्ही महत्त्वाचे रंग असतात आणि तिघांचीही रीत वेगळी आहे.

अजरख छापणारे खत्री लोक मूळचे धमडका गावचे. 2001च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. ते पाणी रंगकामाला चालेना, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं. पाण्यातल्या लोहासाठी गाव सोडावं लागतं हे ऐकून नवल वाटेल, पण या रंगकामात लोह काय करतं हे कळलं की वाटणार नाही.

कापूस हा रंगाच्या बाबतीत मोठा अलिप्त धागा आहे. वनस्पतींचे बहुतेक रंग त्याला नुसते लावले तर पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून कापड आधी तेल, सोडा आणि उंटाच्या लेंडांच्या पाण्यात भिजवून, वाळवून, धुऊन स्वच्छ करतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. आपल्या सह्याद्रीतही हिरड्याची झाडं आहेत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा बाळहिरडा औषधाला जातो, रंगाला लागतं ते वाढलेलं फळ. हिरड्यातला तुरट अंश कापसाला धरून बसतो आणि कापड पिवळसर होतं. जिथे पांढरी रेघ राहायला हवी तिथे चुना आणि डिंक छापतात. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेलं पाणी चिंचोक्याच्या पिठानं दाट करून छापतात. हे पाणी हिरड्याला भेटलं की जागच्या जागी काळा रंग तयार होतो. जुन्या पद्धतीची शाईही याच दोन गोष्टींपासून व्हायची. लाल हवा तिथे तुरटीचा लेप छापतात. तुरटीला स्वतःचा रंग नाही. पुढे मंजिष्ठेच्या किंवा अलिझरीनच्या उकळत्या पाण्यात कापड टाकलं की फक्त तुरटीच्या जागा लाल होतात, कारण तो रंग तुरटीच्या मध्यस्थीनंच कापडाला धरतो. त्याआधी निळेची पाळी होऊन गेलेली असते.

निळेचं सगळंच निराळं. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षाराच्या पाण्यात आंबवून तिचा प्राणवायू काढून घेतला की ती हिरवट-पिवळी होऊन विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर काढून हवा लागली की पुन्हा निळी, पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्याच्या आतच अडकून राहते. तिथे तुरटी नाही, हिरडा नाही, कुठलंच बंधन नाही. आतवर शिरलेली नीळ वर्षानुवर्षं टिकते. वरच्यावर बसलेली मात्र हाताला, मानेला आणि पांढऱ्या ओढणीला लागते.

या साऱ्या प्रक्रियेत कापड पुन्हा पुन्हा धुतात, आणि धुतात ते वाहत्या, भरपूर पाण्यात. पसरून, हलवत, आपटत. सुटलेला लेप आणि रंग पांढऱ्या जागेवर बसायच्या आत पाण्याबरोबर गेला पाहिजे, ही तिथली शिस्त आहे. आपण घरी जे करतो ते याच्या नेमकं उलट असतं. थोडं पाणी, घडी घातलेलं कापड आणि सबंध रात्र. सुटलेल्या रंगाला जायला जागाच नसते, तेव्हा तो शेजारच्या घडीवर बसतो.

मग मीठ, व्हिनेगर आणि तुरटी यांचं काय? मीठ घालण्याची सवय कारखान्यात रंगवलेल्या कापडावरून आली असावी. काही कृत्रिम रंग कापसात चांगले शिरावेत म्हणून रंगवताना मीठ वापरतात, आणि तसे रंग मिठाच्या पाण्यात कमी सुटतातही. पण साध्या पाण्यात गेले की पुन्हा सुटतात. निळेवर, हिरडा-लोहाच्या काळ्यावर किंवा तुरटीच्या लालवर मिठाचा काहीच परिणाम नाही. व्हिनेगर तर नुकसानच करतं. हिरडा आणि लोह यांचा काळा आम्लानं फिका पडतो. लोखंडाच्या गंजाचा डाग आपण लिंबानं काढतो, तेच इथे घडतं. लाल रंगही आम्लानं भगवेपणाकडे झुकू शकतो. तुरटी लाल रंगाच्या उरल्यासुरल्या अंशाला थोडंफार धरू शकते, पण तीही आम्लधर्मी आहे आणि निळेला तिचा उपयोग शून्य. माझं मत स्पष्ट आहे: या तिन्हींपैकी काहीही घालू नये.

आता खरेदी. प्रदर्शनात ‘व्हेजिटेबल डाय’ अशी पाटी सगळ्याच गाळ्यांवर असते, म्हणून पाटीपेक्षा कापड पाहावं. ठसा आधी ओळखावा. हातानं उठवलेल्या ठशांच्या जोडावर कुठे रेघ किंचित दुहेरी होते, कुठे केसभर फट राहते, एखाद्या फुलात रंग कमी भरलेला असतो. नक्षीत अशी एखादी चूक शोधा आणि पुढे तीच नक्षी जिथे पुन्हा येते तिथे पाहा. तीच चूक त्याच जागी, त्याच आकारात, तागाभर दर ठरावीक अंतरावर येत असेल तर ती स्क्रीनची किंवा यंत्राची छपाई आहे. ठशाची चूक मात्र दर वेळी वेगळी. एक अपवाद ध्यानात ठेवावा. ठशाच्या लाकडाचा टवका उडाला असेल तर तेवढी एक खोट प्रत्येक छापात दिसते, पण तिच्या आसपासचं जोडकाम तरीही बदलत राहतं.

मग बोटांनी चाचपावं. छापलेला भाग बाकी कापडापेक्षा रबरासारखा जाडसर लागला आणि मागच्या बाजूला रंग जवळजवळ उतरलेलाच नसला, तर तो डिंकासारख्या बांधणीनं वर चिकटवलेला पिगमेंट रंग आहे. त्याचा रंग पाण्यात फारसा जात नाही, पण घड्यांवर आणि कोपरांवर झिजून पांढरा पडतो. वनस्पतिरंगाच्या कापडात रंग धाग्यात मुरलेला असतो आणि स्पर्श एकसारखा राहतो. कोऱ्या कापडाचा पोत हिरडा, चुना आणि डिंकानं थोडा कडक असतो, तो पहिल्या-दुसऱ्या पाण्यात सुटतो.

रंगांच्या छटाही बोलतात. गडद निळा, विटकरी किंवा मातकट लाल, काळा, खाकी पिवळा, शेवाळी हिरवा, तपकिरी हे यातले घरचे रंग. झगझगीत गुलाबी, पोपटी किंवा लख्ख जांभळा दिसला तर तो कारखान्यातला आहे असं समजावं. हिरव्याबद्दल एक गोष्ट घेण्याआधीच माहीत असलेली बरी. वेगळा असा टिकाऊ हिरवा वनस्पतिरंग या कामात नाही. निळीवर डाळिंबाच्या सालीचा किंवा हळदीचा पिवळा चढवून तो केलेला असतो. उन्हानं आणि धुण्यानं पिवळा आधी विटतो, म्हणून हिरवं कापड काही वर्षांत निळसर होत जातं. पिवळ्याचा हा स्वभाव कुठल्याही धुण्यानं बदलणार नाही. ज्यांना रंग बदललेला चालत नाही त्यांनी निळा, लाल, काळा यांतलं घ्यावं.

विक्रेत्याला लाल कशाचा आहे ते विचारावं. अनुभवी छपाईवाला सरळ ‘अलिझरीन’ म्हणून सांगतो. अलिझरीन हा मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीच्या मुळात असणारा रंग. तो 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला, आणि आज ठशाच्या छपाईतला पुष्कळसा लाल त्यापासूनच होतो. निळेचंही तसंच. कारखान्यातली नीळ 1897पासून बाजारात आहे आणि तिचा रंगद्रव्याचा रेणू झाडाच्या निळेसारखाच असतो. तुरटीवर अलिझरीन चढवलेलं कापड मी वाईट मानत नाही, सांगून विकलं तर त्यात फसवणूकही नाही. धुण्याच्या दृष्टीनं दोन्हींत फरक पडत नाही. मुळापासूनचा रंग म्हणून जास्त पैसे मोजायचे असतील तर मात्र प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं.

काळ्याची एक तपासणी फार थोडे लोक करतात. लोहाचं पाणी फार तीव्र झालं किंवा नंतर नीट धुतलं गेलं नाही, तर लोह धाग्याला खात राहतं. जुन्या छापील चादरींत फक्त काळ्या रेघांच्याच जागी कापड विरून भोकं पडलेली दिसतात, ती यामुळे. म्हणून कापड उजेडासमोर धरून काळ्या भागावर दोन्ही अंगठ्यांनी हलकाच ताण द्यावा. तो भाग कागदासारखा करकरला किंवा धागे सरकले तर ते घेऊ नये.

आटण्याचा हिशेबही दुकानातच करावा. छपाईत कापड अनेकदा धुतलेलं असलं तरी विकायला आणण्याआधी ताणून घडी घातलेलं असतं, त्यामुळे घरच्या पहिल्या पाण्यात ते शंभराला तीन-पाचपर्यंत आटू शकतं. अडीच मीटरच्या तुकड्यात चार टक्के म्हणजे दहा सेंटिमीटर झाले. कुडत्याची उंची नेमकी बसवायची असेल तर हे दहा सेंटिमीटर जास्तीचे घ्यावेत. ‘ताई, कापड पाण्यातून काढलंय ना?’ असं शिंपी विचारतो ते याचसाठी.

आता एक सेट प्रत्यक्ष धुऊ. कुडत्यासाठी अडीच मीटर अजरख, त्यात नीळ, लाल, काळा आणि पांढऱ्या रेघा. ओढणी दाबू छपाईची, म्हणजे चिखलाचा लेप छापून निळीत बुडवलेली. सलवारीसाठी बगरूचा तुकडा, साईवर काळी-लाल बुट्टी. जयपूरजवळच्या बगरूत ही साई हिरड्याचीच असते.

आधी ओला पांढरा रुमाल तिन्ही कापडांच्या काठावर दाबून पाहायचा. ओढणीवर रुमाल निळसर होईल, आणि ते चालेल. बगरूवर फिकट पिवळा डाग उठेल, तोही हिरड्याचा म्हणून चालेल. अजरखवर नुसत्या दाबानं ठळक लाल उतरला तर ते कापड अधिक सांभाळून धुवायचं. मग तिन्हींसाठी तीन वेळा, वेगवेगळं पाणी.

बगरूपासून सुरुवात करावी, कारण ते सर्वांत कमी रंग सोडतं. मोठी बादली थंड पाण्यानं भरून त्यात कापड उलगडून सोडायचं आणि हातानं हलवत राहायचं. पाच-सात मिनिटांत पाणी पिवळट-तपकिरी होईल. हा डिंक आणि जादा हिरडा आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पाणी बदलून पुन्हा हलवायचं. तिसऱ्या पाण्यात थोडं सौम्य साबणाचं द्रव घालावं, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं तसं, किंवा रात्री भिजवलेल्या आठ-दहा रिठ्यांचं गाळलेलं पाणी. साधी धुण्याची पावडर नको. तिच्यात सोडा असतो आणि कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चमक देणारी रसायनंही असतात. त्यांनी साईचा ऊबदार पिवळसरपणा जाऊन कापड निळसर फटफटीत दिसू लागतं. हळदीचा पिवळा असेल तर सोड्यानं तो तांबूस होतो.

अजरखलाही हीच रीत, फक्त वेग जास्त. पाच मिनिटांहून अधिक काळ एका पाण्यात ठेवायचं नाही आणि पाण्याला रंग आला की लगेच ते ओतून द्यायचं. कापड पाण्याखाली दडलेलं किंवा घडी पडलेलं राहता कामा नये. दोन थंड पाण्यांनंतर एक कोमट, साबणाचं पाणी, मग तीन-चार स्वच्छ पाणी. शेवटच्या पाण्यात रंग अगदी फिका राहिला की पुरे. लालसर रंग पाचव्या-सहाव्या पाण्यातही तितकाच दाट येत असेल तर तो लाल तुरटीवरचा नाही, नुसता भरलेला आहे, आणि कापड दुकानदाराकडे परत न्यावं.

ओढणी शेवटी. निळी पाणी भरपूर रंगवते आणि बघणाऱ्याला धडकी भरते. पण हे पाणी नीट पाहिलं तर गढूळ दिसतं, कारण त्यात विरघळलेला रंग नसून निळेचे बारीक कण असतात. कोमट साबणाच्या पाण्यात ते लवकर सुटतात, म्हणून निळीच्या कापडाला दोन वेळा कोमट साबणाचं पाणी द्यावं आणि नंतर भरपूर साधं पाणी. इतकं करूनही पहिले काही दिवस ती थोडी हाताला लागेल. तोवर ती पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावर घालू नये. प्रत्येक धुण्याला हे लागणं कमी होतं. धाग्याच्या आतली नीळ यात जात नाही.

धुवून झाल्यावर पीळ न घालता कापड दाबून पाणी काढायचं आणि लगेच, उलटं करून, सावलीत पूर्ण पसरून वाळवायचं. ओला पिळा तासभर जरी पडून राहिला तरी घड्यांवर रंग उमटतो. वाळवताना एक गोष्ट कटाक्षानं पाहावी, आणि ती फार कमी ठिकाणी सांगितली जाते. गंजलेली तार, लोखंडी दांडी किंवा गंज चढलेल्या स्प्रिंगचे चिमटे या कापडाला लावायचे नाहीत. कापडात हिरडा आहे, आणि गंज लागला की छपाईवाला ठरवून करतो तोच काळा रंग आपल्या दोरीवर अपघातानं तयार होतो. साईच्या कापडावर असा डाग पडला की लिंबानं तो जातो, पण शेजारची काळी बुट्टीही फिकी पडते. बोअरवेलचं पाणी साठवल्यावर तांबडट होत असेल तर त्यातही लोह आहे. त्या पाण्यात साई राखाडी होत जाते आणि लाल मंदावतो. अशा घरांनी निदान ही पहिली धुणी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करावीत. धमडक्याच्या लोकांनी गाव का सोडलं ते आता लक्षात आलं असेल.

जेवताना लिंबू, कढी, ताक किंवा चिंचेचं पाणी काळ्या नक्षीवर सांडलं तर ते वाळू न देता लगेच साध्या पाण्यानं धुवावं. आम्लाला वेळ मिळाला की काळ्यात फिकट ठिपका कायमचा राहतो.

आणि पांढऱ्या रेघांवर गुलाबी झाक चढलीच तर? कापड ओलं असताना ती बरीच परत जाते. वाळवू नये आणि चुकूनही इस्त्री फिरवू नये. ताबडतोब मोठ्या बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन पाच-पाच मिनिटांची दोन-तीन पाणी द्यावीत, दर वेळी ताजं पाणी घ्यावं. एकदा वाळून इस्त्री झालेली झाक क्वचितच निघते, आणि ती काढायला ब्लीच वापरलं तर नक्षीच जाते.

पुढची धुणी सोपी. निळं निळ्याबरोबर, साईचं वेगळं, थंड पाणी, सौम्य साबण, सावली. यंत्रात टाकायचं तर जाळीच्या पिशवीत आणि थोड्या वेळाच्या फेरीवर. प्रत्येक वापरानंतर धुवायची गरज नाही, वाऱ्यावर टांगून ठेवलं तरी पुरतं.

शिवायला देताना एक सूचना शिंप्याला द्यावी, कारण नंतरच्या तक्रारींतल्या अनेक तिथून सुरू होतात. अस्तर आणि पायपिंगचं कापड त्याच्याच दुकानातलं असतं, कोरं असतं आणि बहुतेक वेळा स्वस्त रंगाचं. आपण अजरख नीट पाण्यातून काढतो, आणि गळ्याच्या गडद लाल पट्टीनं पहिल्याच धुण्यात पांढऱ्या रेघा रंगतात. ती पट्टीही आधी रुमालानं दाबून पाहावी. रंग उतरला तर ती बदलायला सांगावी, किंवा अस्तर आणि पट्टीचं कापड आपणच आधी घेऊन, धुऊन, वाळवून त्याच्याकडे नेऊन द्यावं.